सोन्याच्या वायद्यात स्टॉपची जागा आधी, ग्रॅम नंतर

सोन्याच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांत, थोड्या भांडवलावर सौदे करणाऱ्या माणसाला प्रत्येक खरेदीपूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. भाव कुठपर्यंत खाली आला म्हणजे आपला अंदाज चुकला असे मानायचे, हा पहिला प्रश्न. आणि तेवढ्या अंतराचा तोटा सोसायचा असेल तर किती ग्रॅम सोने घ्यायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे स्टॉप-लॉसची, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आधीच लावून ठेवलेल्या विक्रीच्या ऑर्डरीची, जागा आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे सौद्याचा आकार. ही दोन्ही उत्तरे अवघड नाहीत, पण ती याच क्रमाने द्यावी लागतात. प्रत्यक्षात बहुतेक लहान व्यापारी उलट्या क्रमाने जातात: खात्यातल्या मार्जिनमध्ये, म्हणजे अनामत रकमेत, ठरलेल्या वजनाचा जेवढा लॉट बसतो तेवढा आधी घेतात आणि मग ‘मला तीन हजारांपेक्षा जास्त तोटा नको’ असे म्हणून स्टॉप त्या रकमेत कसाबसा बसवतात. असा स्टॉप बाजाराच्या रोजच्या चढउतारातच उडतो, आणि दोष मात्र स्टॉप-लॉस या पद्धतीला दिला जातो. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, ठाण्यात राहून रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ आहेत. घरखर्च, विमा आणि अडीअडचणीची शिल्लक बाजूला काढून त्यांनी एमसीएक्स या वायदेबाजारातील सोन्याच्या सौद्यांसाठी ३ लाख रुपये वेगळे ठेवले आहेत. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून, म्हणजे ३,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. सोन्याचा भाव १० ग्रॅमला १,२०,००० रुपये आहे असे धरू. हा आकडा हिशेब सोपा जावा म्हणून घेतला आहे. वाचकाने त्या जागी त्या दिवसाचा भाव घालावा, पद्धत तीच राहते.

लॉटचे वजन आणि एका रुपयाची किंमत

एमसीएक्सवर सोन्याचे अनेक करार चालतात आणि त्यांच्या वजनात मोठे अंतर आहे. मुख्य करार एक किलोचा असतो आणि त्याचा भाव १० ग्रॅममागे सांगितला जातो, त्यामुळे भाव एक रुपयाने हलला की खात्यात १०० रुपयांचा फरक पडतो. गोल्ड मिनी १०० ग्रॅमचा. तिथे एक रुपया म्हणजे १० रुपये. २०२५ मध्ये सुरू झालेला गोल्ड टेन १० ग्रॅमचा आणि गिनी ८ ग्रॅमची. या दोन्हींत भाव त्या त्या वजनाचाच सांगितला जातो, म्हणून एक रुपया म्हणजे एकच रुपया. सर्वात लहान करार गोल्ड पेटल हा १ ग्रॅमचा असून त्याचा भावही एका ग्रॅमचा असतो.

आपल्या गृहस्थांची नजर साहजिकच मिनीवर जाते, कारण ब्रोकरच्या पडद्यावर त्याची उलाढाल चांगली दिसते आणि मार्जिनही परवडणारे वाटते. १०० ग्रॅमच्या एका मिनीत १२ लाख रुपयांचे सोने असते, परंतु त्यासाठी त्या रकमेचा लहानसा हिस्साच मार्जिन म्हणून अडकवावा लागतो. हा हिस्सा बाजाराच्या अस्थिरतेनुसार बदलत असतो. तो १० टक्क्यांच्या आसपास असेल तर ३ लाखांत दोन मिनीसुद्धा बसतात. इथेच मोठा गैरसमज होतो. मार्जिन ही एक्सचेंजने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मागितलेली अनामत आहे. आपण त्या सौद्यात किती गमावू शकतो याचा ती अंदाजही देत नाही आणि मर्यादाही घालत नाही. तोटा ठरतो तो दोनच गोष्टींवरून: हातात किती ग्रॅम आहेत आणि भाव किती रुपये विरुद्ध गेला.

आता ३,००० रुपयांची मर्यादा एका मिनीला लावून पाहू. एक रुपया म्हणजे १० रुपये, म्हणून ३,००० रुपयांत स्टॉप खरेदीच्या भावापासून फक्त ३०० रुपये खाली ठेवता येतो, म्हणजे १,२०,००० ला खरेदी आणि १,१९,७०० ला स्टॉप. हे अंतर भावाच्या पाव टक्का आहे. सोने कोणतीही विशेष बातमी नसतानाही दिवसभरात याच्या कितीतरी पट वरखाली होते. एवढ्या जवळ लावलेला स्टॉप आपला अंदाज चूक की बरोबर हे तपासतच नाही. तो केवळ पुढच्या काही तासांतल्या हेलकाव्यावर अवलंबून राहतो. भाव १,१९,६५० ला टेकून संध्याकाळी १,२१,००० ला गेला, तर दिशा अचूक ओळखूनही आपल्या गृहस्थांच्या हाती तोटाच येतो. असे तीन-चार वेळा घडले की माणूस स्टॉप लावणे सोडून देतो, आणि खरा मोठा तोटा त्यानंतरच्या सौद्यात होतो.

स्टॉपची जागा चार्टवरून

स्टॉपची जागा ठरवताना खिशाचा विचार काही काळ पूर्ण बाजूला ठेवावा. त्या वेळी एवढाच प्रश्न विचारावा की, कोणत्या भावाला गेल्यावर खरेदीचे मूळ कारणच उरत नाही? समजा, सोने गेल्या आठवड्यात १,१८,४०० पर्यंत खाली आले, तिथून वळले, आणि प्रत्येक छोट्या घसरणीनंतर आधीपेक्षा वरचा तळ करत १,२०,००० ला पोहोचले. ‘तळ टिकला आहे, चढ सुरू आहे’ या कारणासाठी खरेदी केली असेल, तर १,१८,४०० चा तळ तुटणे ही ते कारण संपल्याची खूण आहे. म्हणून स्टॉप त्या तळाच्या खाली असायला हवा.

पण नेमका किती खाली? अगदी तळाला चिकटून, म्हणजे १,१८,३९० ला लावलेला स्टॉप सोयीचा नसतो, कारण तो तळ सगळ्यांनाच दिसतो आणि तिथे बऱ्याच जणांच्या विक्रीच्या ऑर्डरी जमलेल्या असतात. भाव तिथे पोहोचला की त्या ऑर्डरी एकदम सुटतात, भाव क्षणभर आणखी खाली जातो आणि पुष्कळदा परत वर येतो. १,१८,००० सारख्या गोल आकड्यालाही हेच घडते. त्यामुळे तळ आणि स्टॉप यांच्यात थोडी मोकळी जागा हवी, आणि ती जागा अंदाजपंचे न ठरवता सोन्याच्या त्या काळातील चंचलतेवरून ठरवावी.

ही चंचलता मोजण्याचे सर्वात सोपे साधन म्हणजे एटीआर, म्हणजेच दिवसाच्या खऱ्या हालचालीची सरासरी. ब्रोकरच्या चार्टवर तो एका टिचकीसरशी मिळतो, परंतु तो कसा काढला जातो हे एकदा समजून घेणे उपयोगाचे आहे. दिवसाचा उच्चांक १,२०,६०० आणि नीचांक १,१९,३०० असेल तर वरवर पाहता हालचाल १,३०० रुपयांची दिसते. पण आदल्या दिवशी भाव १,१८,९०० ला बंद झाला होता आणि सकाळी बाजार वरच उघडला, तर आदल्या बंद भावापासून उच्चांकापर्यंतची हालचाल १,७०० रुपये होते; ती मोठी असल्याने त्या दिवसाची खरी हालचाल १,७०० धरायची. अशा १४ दिवसांच्या हालचालींची सरासरी म्हणजे १४ दिवसांचा एटीआर. सोन्याच्या बाबतीत आदल्या बंद भावाचा हा विचार विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपला बाजार रात्री बंद होतो तेव्हा न्यूयॉर्कचा बाजार चालूच असतो, आणि सकाळी ९ वाजता आपला उघडतो तोवर आशियातील इतर बाजारांतही भाव बदललेला असतो. म्हणून वर किंवा खाली उघडणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या उदाहरणात एटीआर १,६०० रुपये आहे असे धरू. तळाखाली अर्ध्या एटीआरची, म्हणजे ८०० रुपयांची जागा सोडली की स्टॉप १,१७,६०० ला येतो. खरेदीच्या भावापासून हे अंतर २,४०० रुपये, म्हणजे एटीआरच्या दीडपट आहे. काही दिवस सौदा धरून ठेवणाऱ्यासाठी दीड ते दोन एटीआरचे अंतर मला रास्त वाटते. एका एटीआरपेक्षा कमी अंतराचा स्टॉप एका साध्या दिवसाच्या हालचालीतही उडू शकतो. उलट तळ इतका दूर असेल की अंतर तीन-चार एटीआर भरेल, तर खरेदीला उशीर झाला आहे असे समजावे आणि भाव थोडा खाली येण्याची वाट पाहावी किंवा तो सौदा सोडून द्यावा.

इथे एक दक्षता घ्यावी लागते. डॉलरमधील आंतरराष्ट्रीय सोन्याचा चार्ट पाहून रुपयातील स्टॉप ठरवू नये. एमसीएक्सच्या भावात जागतिक भावाशिवाय डॉलर-रुपयाचा दर आणि आयात शुल्कही मिसळलेले असते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के झाले, तेव्हा जागतिक बाजारात विशेष काही घडले नसतानाही एमसीएक्सवरचे सोने त्याच दिवशी १० ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपयांनी घसरले. त्याचप्रमाणे मिनीच्या चार्टवरील आकड्याला दहाने भागून पेटलचा स्टॉप काढणेही बरोबर नाही, कारण प्रत्येक कराराची मुदत वेगळी असते आणि भावात थोडा फरक राहतो. जो करार घ्यायचा त्याच्याच चार्टवर तळ आणि एटीआर पाहावा. पुढील हिशेबात केवळ सोपेपणासाठी पेटलचा भाव ग्रॅमला बरोबर १२,००० रुपये धरला आहे.

आता ग्रॅम किती, ते ठरवू

स्टॉपचे अंतर कळल्यावर उरलेले काम भागाकाराचे आहे. सोसायचा तोटा भागिले एका करारामागील तोटा, म्हणजे करारांची संख्या.

१० ग्रॅममागे २,४०० रुपये अंतर म्हणजे एका मिनीमागे २४,००० रुपये. तीन लाखांच्या भांडवलात हा एका सौद्याचा ८ टक्के तोटा झाला. सहा सौदे लागोपाठ चुकणे ही सोन्यात काही अघटित गोष्ट नाही. तसे झाले तर १,४४,००० रुपये जातात, म्हणजे जवळजवळ निम्मे भांडवल, आणि ते पुन्हा पहिल्या जागी आणायला उरलेल्या रकमेवर ९२ टक्के कमवावे लागतात. म्हणून ३,००० रुपयांच्या मर्यादेत मिनीची संख्या शून्य येते. हे उत्तर पुष्कळांना पचत नाही, परंतु ते खरे उत्तर आहे, आणि स्टॉप जवळ ओढून ते बदलता येत नाही. त्याच हिशेबाने पाहिले तर एक मिनी १ टक्क्याच्या मर्यादेत घ्यायला भांडवल २४ लाख हवे.

गोल्ड टेनमागे तोटा २,४०० रुपये, म्हणून तो एक घेता येतो. पेटलमागे तोटा २४० रुपये. पण स्टॉप नेमक्या ठरलेल्या भावालाच सुटेल असे धरणे बरोबर नाही. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या भावांतले अंतर आणि घाईच्या वेळी ठरलेल्या भावाहून पडणारी तूट मिळून ग्रॅममागे आणखी १० रुपये जातील असे धरू. मग एका पेटलमागे २५० रुपये झाले, आणि ३,००० भागिले २५० म्हणजे बरोबर १२ पेटल. त्यावर दोन्ही बाजूंची दलाली, त्यावरील जीएसटी, विक्रीवर लागणारा ०.०१ टक्के कमॉडिटी व्यवहार कर आणि मुद्रांक शुल्क असा खर्च असतो. तो सगळा मिळून १०० रुपये धरला तर १२ पेटलांत मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ११ पेटल घ्यावेत. स्टॉप उडाला तर २,७५० रुपये आणि खर्च, असा २,८५० रुपयांचा तोटा होईल. अपूर्णांक आला तर संख्या नेहमी खालच्या बाजूला घ्यावी. ‘एकच तर जास्त आहे’ असे म्हणत वरच्या बाजूला घेण्याची सवय हळूहळू मूळ मर्यादाच पुसून टाकते.

पेटल आणि गोल्ड टेन यांपैकी काय निवडावे? गोल्ड टेनमध्ये संख्या एक किंवा दोन अशीच ठेवता येते, तर पेटलमध्ये ती ७, ९, ११ अशी बारीक जुळवता येते आणि नफ्यात असताना निम्मे विकून निम्मे ठेवताही येतात. पेटलमध्ये ब्रोकर दलाली प्रत्येक ऑर्डरमागे घेतो की प्रत्येक लॉटमागे, हे मात्र आधी विचारून घ्यावे. लॉटमागे घेत असेल तर ११ लॉटची दलाली वरचा हिशेब पार बिघडवते.

११ पेटल म्हणजे अवघे १ लाख ३२ हजारांचे सोने. त्यासाठी मार्जिन लागते ते काही हजारांचे, आणि तीन लाखांपैकी बहुतेक रक्कम खात्यात तशीच पडून राहते. ‘पैसे रिकामे ठेवून काय उपयोग’ असा विचार या टप्प्यावर मनात येतोच. त्या रकमेचे काम मात्र पुढच्या भागात दिसते.

बाजार बंद असताना

स्टॉप-लॉस हा बाजार चालू असतानाच काम करतो. एमसीएक्सवर सोने सकाळी ९ ते रात्री ११.३० पर्यंत चालते, आणि अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागू झाली की रात्री ११.५५ पर्यंत. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय तिथे दुपारी २ वाजता जाहीर होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात त्या वेळी रात्रीचे बरोबर ११.३० झालेले असतात आणि हिवाळ्यात १२.३०. याचा अर्थ, सोन्याला हलवणारी वर्षातील सर्वात मोठी ठरलेली बातमी आपला बाजार बंद होताना किंवा बंद झाल्यावर येते, आणि तिचा सगळा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजताच्या पहिल्या भावात एकदम दिसतो.

सुट्ट्यांमध्ये हे अधिक तीव्र होते. २१ ऑक्टोबर २०२५ ला आंतरराष्ट्रीय बाजारात सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक कोसळले. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, दुपारी मुहूर्तापुरता तासभर बाजार चालला, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला सकाळचे सत्र बंद राहून बाजार संध्याकाळी उघडला. ज्यांच्याकडे खरेदीचा सौदा होता त्यांचे स्टॉप मधल्या भावांना सुटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मधले भाव इथे आलेच नाहीत.

अशी पाच टक्क्यांची उडी आपल्या उदाहरणाला लावून पाहू. ग्रॅमला १२,००० च्या भावात पाच टक्के म्हणजे ६०० रुपये. ११ पेटलवर तोटा ६,६०० रुपये, म्हणजे भांडवलाच्या सव्वादोन टक्क्यांच्या आत. ठरवलेल्या मर्यादेच्या दुपटीहून थोडा अधिक असला तरी तो सोसता येतो. एका मिनीवर तोच तोटा ६०,००० रुपये, म्हणजे भांडवलाचा पाचवा भाग. मार्जिनमध्ये बसतात म्हणून दोन मिनी घेणाऱ्याचे १,२०,००० रुपये एका रात्रीत जातात. यातील कोणाचाही स्टॉप चुकीच्या जागी नव्हता. फरक केवळ हातातील ग्रॅमचा आहे. त्यामुळे सौदा रात्रभर ठेवायचा असेल तर मी दोन हिशेब करतो: एक स्टॉपच्या अंतराचा आणि दुसरा पाच टक्क्यांच्या उडीचा. दुसऱ्या हिशेबात तोटा भांडवलाच्या तीन टक्क्यांहून अधिक दिसला, तर पहिल्या हिशेबाने परवानगी दिली असली तरी संख्या कमी करावी. स्टॉप जवळ असला की पहिल्या हिशेबात संख्या फुगते, आणि हा दुसरा हिशेब तिला लगाम घालतो.

ऑर्डर प्रत्यक्ष लावताना

‘स्टॉप डोक्यात आहे, भाव आला की विकेन’ असे म्हणणे नोकरदार माणसाला परवडत नाही. अमेरिकेतील महागाई आणि रोजगाराचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ वाजता आणि हिवाळ्यात ७ वाजता येतात. आपले गृहस्थ त्या वेळी रबाळ्याहून ठाण्याला येणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये उभे असतात, आणि खिशातील फोन बाहेर काढेपर्यंत भाव हजार रुपये हललेला असू शकतो. म्हणून खरेदी झाल्याबरोबर स्टॉपची ऑर्डर एक्सचेंजवर गेलेली असली पाहिजे.

या ऑर्डरीत दोन भाव भरायचे असतात. ट्रिगर म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, आणि लिमिट म्हणजे ज्याच्या खाली विकायचे नाही असे आपण सांगतो तो. पेटलचा ट्रिगर ११,७६० आणि लिमिटही ११,७६० ठेवली, तर भाव वेगाने खाली जाताना ऑर्डर जागी होईल, पण त्या भावाला घेणारा उरलेला नसेल आणि ऑर्डर तशीच पडून राहील. पडद्यावर स्टॉप ‘लागलेला’ दिसतो आणि सौदा मात्र उघडाच असतो. स्टॉप असूनही मोठा तोटा झाल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच असते. म्हणून लिमिट ट्रिगरपेक्षा बरीच खाली, उदाहरणार्थ ११,७०० ला ठेवावी. ऑर्डर जागी झाली की ती लिमिटच्या वर मिळणाऱ्या चांगल्या भावालाच आधी विकली जाते, त्यामुळे लिमिट खाली ठेवल्याने आपोआप कमी भाव मिळतो असे होत नाही. बाजार ११,५०० लाच उघडला तर ही लिमिटही पुरत नाही. अशा वेळी पडून राहिलेली ऑर्डर रद्द करून, आहे त्या भावाला बाहेर पडावे. ‘थोडा वर आला की विकू’ असे म्हणून थांबायचे, तर तो आता वेगळाच, स्टॉप नसलेला सौदा झालेला असतो.

साधी ऑर्डर दिवसाच्या शेवटी आपोआप रद्द होते, म्हणून सौदा काही दिवस ठेवायचा असल्यास रोज सकाळी बाजार उघडताच स्टॉप पुन्हा लावावा लागतो. अनेक ब्रोकर ट्रिगर जपून ठेवण्याची सोय देतात; ती वापरत असलात तरी ती ऑर्डर सकाळी प्रत्यक्ष एक्सचेंजवर गेली आहे की नाही हे पाहून घ्यावे. सौदा हाताने बंद केला असेल तर उरलेली स्टॉपची ऑर्डरही आठवणीने रद्द करावी, नाहीतर ती नंतर सुटून नकळत उलट्या दिशेचा विक्रीचा सौदा उभा करते. शिवाय सोन्याच्या करारांत प्रत्यक्ष सोन्याची डिलिव्हरी सक्तीची असते, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत सौदा ताणू नये. ब्रोकर त्याआधी मार्जिन वाढवतो किंवा सौदा स्वतःच बंद करतो, आणि मग आपला स्टॉप कुठे होता याला काही अर्थ उरत नाही.

स्टॉप हलवणे आणि तपासणे

खरेदीच्या सौद्यात स्टॉप फक्त वर सरकवावा. भाव चढून नवा तळ तयार झाला, की त्याच पद्धतीने त्या तळाखाली अर्धा एटीआर सोडून स्टॉप तिथे आणता येतो. खाली मात्र कधीही सरकवू नये, कारण ११ ही संख्या २४० रुपयांच्या अंतरावरून आली होती. अंतर ३६० केले की त्याच ११ पेटलांत तोटा चार हजारांच्या घरात जातो आणि आधीचा सगळा हिशेब खोटा ठरतो. पडत्या भावात आणखी पेटल घेऊन सरासरी कमी करण्याचाही हाच परिणाम होतो. सोन्याबरोबर चांदीतही खरेदीचा सौदा असेल तर दोन्ही बहुधा एकाच दिवशी, एकाच कारणाने पडतात, म्हणून त्यांचा तोटा मिळून ३,००० रुपयांत बसवावा.

स्टॉपची जागा योग्य आहे का, हे प्रत्येक सौद्याच्या नोंदीवरून कळते. वहीत खरेदीचा भाव, स्टॉप, त्या दिवसाचा एटीआर आणि पेटलची संख्या यांच्यासोबत आणखी दोन आकडे लिहावेत: नफ्यात गेलेल्या सौद्यांत भाव आधी आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला होता, आणि स्टॉप उडालेल्या सौद्यांत पुढच्या दोन-तीन दिवसांत भाव कुठे गेला. वीस-पंचवीस सौद्यांनंतर चित्र दिसू लागते. स्टॉप उडाल्यावर भाव पुन्हा पुन्हा आपल्याच दिशेला परत जात असेल, तर अंतर कमी पडते आहे. ते वाढवावे आणि संख्या त्या प्रमाणात घटवावी. स्टॉप उडाल्यावर भाव बहुधा आणखी खालीच जात असेल, तर स्टॉप आपले काम नीट करतो आहे आणि दोष असलाच तर खरेदीच्या निवडीत आहे; तिथे अंतर बदलून काही साधत नाही. आणि नफ्यातील बहुतेक सौदे कधीही एका एटीआरपेक्षा अधिक विरुद्ध गेले नसतील, तर दीड एटीआरचे अंतर थोडे कमी करून पाहायला हरकत नाही.

संख्या एकदा ठरवून कायमची ठेवता येत नाही, कारण भागाकारातील दोन्ही आकडे बदलत राहतात. भांडवल ३ लाखांवरून २ लाख ७० हजारांवर आले तर १ टक्का म्हणजे २,७०० रुपये होतात. दुसरीकडे, बाजार तापला आणि एटीआर १,६०० वरून २,४०० झाला तर दीडपट अंतर १० ग्रॅममागे ३,६०० रुपये, म्हणजे ग्रॅमला ३६० होते. अशा बाजारात स्टॉप सुटतानाची तूटही जास्त होते, म्हणून ती १० ऐवजी १५ रुपये धरू. मग एका पेटलमागे ३७५ रुपये. तीन लाखांच्या भांडवलात ३,००० भागिले ३७५ म्हणजे ८, आणि खर्च धरून ७ पेटल. ज्या दिवसांत सोन्याच्या बातम्या पहिल्या पानावर असतात आणि ठाण्यात जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंत सगळे सोन्याविषयीच बोलत असतात, त्याच दिवसांत हा हिशेब ११ ऐवजी ७ पेटल घ्यायला सांगतो.